गट 4, भिंतीलगत चालणारा रोबो: सादरीकरणानंतर विचारायचे प्रश्न

रोबो स्थिर ठेवून अल्ट्रासोनिक सेन्सरची रीडिंग घेतली होती का? त्यांचा फैलाव किती आला? अधूनमधून एखादं रीडिंग भलतंच येतं. मग सरासरी का, मीडियन का नाही?

रीडिंग दर 60 मिलिसेकंदांनी आणि सरासरी पाचांची, म्हणजे सुमारे 120 मिलिसेकंदांचा उशीर. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने रोबो तेवढ्यात किती पुढे जातो? (आकडा फळ्यावर काढून घ्यावा, इथेच खरी समज कळते.) हा उशीर धरूनच Kp ठरवला का?

Kd वाढवल्यावर मोटर थरथरते, ती कशामुळे? रोबो हाताने धरून ठेवला आणि सोडला, तर Ki काय करेल?

ध्वनीचा वेग 343 मीटर प्रतिसेकंद धरलाय, तो 20 अंशांचा. मे महिन्यात वर्कशॉपमध्ये 40 अंश असताना दोन मीटरवरची भिंत किती जवळ भासेल? भिंतीऐवजी पडदा असेल तर? बॅटरी उतरल्यावर तेच गुणांक चालतील का?

वेळ उरल्यास: सेन्सरची वायर निघाली, तर रोबो थांबतो की शेवटच्या रीडिंगवर चालत राहतो? करून दाखवा.