शनिवारी मी रात्री नऊपर्यंत आहे, राहायला नाही

सानिका, ग्रुपवर न लिहिता तुला एकटीलाच आधी सांगते. शनिवारी तुझ्या बर्थडे पार्टीला मी येणार आहे, पण रात्री राहायला नाही. आमच्याकडे मैत्रिणीच्या घरी रात्री राहायला परवानगी नाही. आजीकडे आणि मामाकडे चालतं, बाकी कुठे नाही. दादा अकरावीत आहे, त्यालाही हेच. म्हणजे तुझ्या घराचा किंवा काका-काकूंचा यात काही प्रश्नच नाही, आईला काकू खूप आवडतात. पार्टीला येऊ का म्हटल्यावर ती लगेच हो म्हणाली, फक्त रात्रीचं नाही.

काल दोनदा विचारून झालंय, उत्तर बदलणार नाही. म्हणून काकूंना आईला फोन करायला सांगू नकोस, प्लीज. आई त्यांनाही नाहीच म्हणेल, आणि मग उगाच दोघींना अवघडल्यासारखं होईल. ताप आलाय वगैरे सांगून सुटता आलं असतं, पण मग संध्याकाळीही येता आलं नसतं ना!

तर माझं असं ठरलंय. पप्पा मला चारला सोडतील आणि नऊला घ्यायला येतील. नाशिकरोडहून गंगापूर रोडला यायचं म्हणजे द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ जाईल सांगता येत नाही, त्यामुळे ते सव्वानऊलाही पोचतील. खाली आले की मिस्ड कॉल देतील आणि मी उतरेन. काकूंनी त्यांना वर बोलावलं तर पप्पा चहाला बसतात आणि मग तासभर उठत नाहीत, हे लक्षात असू दे.

आता खरा घोळ मेंदीचा. ती आपण रात्री अकरानंतर काढायची ठरवली होती आणि काढणारी मीच. ती साडेचारला सुरू करू. तळहातावर साधी डिझाइन एका हाताला पंधरा मिनिटं, म्हणजे तुम्हा पाच जणींचं पावणेसहापर्यंत होईल. सगळ्यांच्या डाव्याच हातावर काढते, म्हणजे उजव्या हाताने पिझ्झा खाता येईल. पहिली तू, कारण वाळायला सगळ्यात जास्त वेळ तुला मिळायला हवा. वाळायला लागली की कापसाने लिंबू-साखरेचं पाणी हलकेच टिपायचं. जास्त लावलं तर ओघळतं आणि कडा फिसकटतात. रात्री आठ-नऊला नुसतं खरवडून काढा, पाणी सकाळपर्यंत लावू नका, म्हणजे रंग गडद होतो. खरं तर अकराला काढली असती तर ओल्या हाताने झोपून काकूंच्या सगळ्या चादरी रंगल्या असत्या, त्यामुळे हेच बरं. चार कोन मी आणते, काकूंना फक्त दोन लिंबं काढून ठेवायला सांग.

केक बाराला कापायचा ठरलाय तसाच राहू दे, माझ्यासाठी आठला आणू नकोस. माझा फोन दहाला आईकडे जातो, म्हणून बाराला व्हिडिओ कॉलही जमणार नाही. त्याऐवजी शुभेच्छा रेकॉर्ड करून श्रुतीला पाठवून ठेवते, ती बाराला लावेल. तू आधी ऐकायची नाही. केकचे माझे दोनशे रुपये शनिवारी आणतेच, राहायला नाही म्हणून ते कमी करू नकोस. एक तुकडा मात्र फ्रीजमध्ये ठेव.

गादी एक कमी घाला. मी आणणार होते ती गोधडीही आता आणत नाही, थंडी आहे तर तुमच्याकडची पुरेल का ते बघून घे. कमी पडत असेल तर सांग, चारला येताना आणते.

ग्रुपवर मीच लिहिते, ‘मी चार ते नऊ आहे, मेंदी साडेचारला’, एवढंच. कोणी का विचारलं तर ‘घरी रात्रीचं चालत नाही’ म्हण, लपवण्यासारखं काही नाही. आणि रविवारी सकाळी मिसळ खायला जाणार असाल तर मला धरा. आठला निघालात तर पप्पा सोडतील. साडेनऊनंतर गेलं की टेबलासाठी ताटकळावं लागतं, त्यामुळे त्या झोपाळू श्रुतीला सातलाच उठव.

सानिका: अगं बरं झालं आजच सांगितलंस, आई उद्या सामान आणणार होती. मला वाटलंच होतं, मागच्या वर्षी पण तू दादाच्या मित्राचं सांगितलं होतंस. फोन नाही करायला लावत. मेंदी साडेचार डन, पण मला दोन्ही हातांवर हवी, बर्थडे माझा आहे.

दोन्ही काढते, पण मग पिझ्झा तुला श्रुती भरवेल.

सानिका: चालेल 😂 गोधडी आण, एक कमी पडतेय. आठला मिसळ, पप्पांना सांगून ठेव.