लेकॅनेमॅब: प्रसिद्धीपत्रकातले 27 टक्के, अभ्यासातले 0.45

(बडोद्यातल्या दांडिया बाजार भागातल्या ज्येष्ठ मंडळाच्या मासिक पत्रकासाठी, छापण्याआधीची पडताळणी)

मंडळाच्या गटात फिरतोय तो मराठी मजकूर असा: "अल्झायमरवर औषध सापडलं, आजार 27 टक्क्यांनी कमी होतो." त्याचं मूळ एसाई या जपानी कंपनीचं लेकॅनेमॅब या औषधाबद्दलचं सप्टेंबर 2022 अखेरचं प्रसिद्धीपत्रक. ज्या अभ्यासावर ते बेतलंय, तो क्लॅरिटी एडी, 29 नोव्हेंबर 2022 रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. म्हणजे पत्रक निघालं तेव्हा तपासायला शोधनिबंधच नव्हता. आता आहे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचले.

आधी फॉरवर्डची चूक बाजूला काढू, कारण ती कंपनीची नाही. आजार 27 टक्के कमी होतो असं पत्रकात कुठेही नाही. तिथे आहे ते एवढंच: 18 महिन्यांत होणारी घसरण प्लासिबोच्या, म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या डोसच्या तुलनेत 27 टक्क्यांनी कमी झाली. औषध घेणाऱ्यांचा गटही खालीच गेला, फक्त जरा सावकाश. "सुधारणा" हा शब्द आपल्या बातमीत येता कामा नये.

आता 27 आला कुठून? अभ्यासाचं मुख्य माप सीडीआर-एसबी. त्यात सहा खाने असतात: स्मृती, स्थळकाळाचं भान, निर्णयक्षमता, बाहेरचे व्यवहार, घर आणि छंद, स्वतःची निगा. प्रत्येक खान्याला 0 ते 3, एकूण 0 ते 18. आकडा वाढला की तब्येत बिघडली. सुरुवातीला दोन्ही गटांची सरासरी 3.2 च्या आसपास होती. 18 महिन्यांनी प्लासिबो गटात ती 1.66 ने वाढली, लेकॅनेमॅब गटात 1.21 ने. फरक 0.45. त्याला 1.66 ने भागलं की 27 टक्के.

भागाकार बरोबर आहे. पत्रकात 0.45 हा आकडाही आहे, दडवलेला नाही. पण 1.66 आणि 1.21 नाहीत आणि 95 टक्के विश्वासांतरही नाही. ते शोधनिबंधात आहे: 0.23 ते 0.67. मोजलेला सरासरी फरक 0.45 असला तरी खरा फरक पाव गुणाइतका लहान किंवा दोन-तृतीयांश गुणाइतका मोठा असू शकतो. आपल्या वाचकाला हे अंतर 27 पेक्षा जास्त उपयोगाचं.

0.45 म्हणजे घरात काय, हे एका खान्यावरून बघू. स्मृतीच्या खान्यात 0.5 म्हणजे किंचित पण सतत विसरणं, घटना अर्धवट आठवणं. 1 म्हणजे ताज्या गोष्टी जास्त विसरणं आणि रोजच्या कामात त्याची अडचण होणं. काल कमाटीबागेत कोण भेटलं ते अर्धवट आठवतं ही पहिली स्थिती. सकाळची गोळी घेतली की नाही हेच आठवत नाही, म्हणून घरच्यांना डबी बघावी लागते, ही दुसरी. एका खान्यातली ही एक पायरी 0.5 ची, आणि दोन गटांमधला सरासरी फरक तिच्याहून जरा कमी. घरच्यांना ही पायरी लहान वाटणार नाही, पण प्रत्येक रुग्णाची अर्धी पायरी वाचली असाही याचा अर्थ नाही. सरासरीवरून एका माणसाचं सांगता येत नाही.

उलट्या बाजूची चलाखीही टाळायची. 18 पैकी 0.45 म्हणजे जेमतेम अडीच टक्के, असं म्हणून औषध निकालात काढता येईल. तेही चूक, कारण सुरुवातीच्या टप्प्यातला रुग्ण दीड वर्षात 18 पर्यंत जातच नाही. किती फरक पडला की रुग्णाला जाणवतो, याची या मापासाठी ठरलेली व्याख्या नाही, असं शोधनिबंधातच म्हटलंय. म्हणून आपण 27 ही नको, अडीचही नको, दोन्ही गटांचे आकडे सरळ छापू.

पत्रकातलं "अत्यंत सांख्यिकीय महत्त्वाचे" आणि p = 0.00005 मराठीत आणताना घोळ होतो. "महत्त्वाचे" वाचून लोकांना "मोठा" ऐकू येतं. हा आकडा एवढंच सांगतो की औषधाचा परिणाम शून्य असता तर इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसणं फार दुर्मीळ. फरक किती मोठा, याबद्दल तो काही बोलत नाही. 1,795 जणांच्या चाचणीत लहान फरकही असा ठसठशीत उठून दिसतो.

खरा आक्षेप पत्रकातल्या कंपनीप्रमुखांच्या विधानावर. त्यांच्या मते या निकालाने अमायलॉइड सिद्धांत, म्हणजे मेंदूत साठणारं अमायलॉइड हे प्रथिन अल्झायमरचं एक मुख्य कारण आहे हे म्हणणं, सिद्ध झालं. शोधनिबंधाचा निष्कर्ष तिथवर जात नाही. मेंदूतल्या अमायलॉइडची चिन्हं कमी झाली, घसरण मध्यम प्रमाणात कमी झाली, दुष्परिणाम आढळले, परिणाम आणि सुरक्षितता ठरवायला जास्त काळाच्या चाचण्या हव्यात, इतकंच तो म्हणतो. ते विधान आपण गाळतोय.

दुष्परिणामांचे आकडे पत्रकात होते आणि शोधनिबंधात जवळपास तेच राहिले. एमआरआयवर मेंदूला सूज: पत्रकात 12.5 टक्के, शोधनिबंधात 12.6, प्लासिबोत दोन्हीकडे 1.7. फरक शब्दांचा आहे. पत्रकाने हे प्रमाण "अपेक्षेच्या मर्यादेत" म्हटलं. अपेक्षेच्या मर्यादेत म्हणजे निर्धोक नव्हे. शिवाय एक तपशील शोधनिबंधातूनच घ्यावा लागतो: अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-ई4 जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांमध्ये सुजेचं प्रमाण 32.6 टक्के, एक प्रत असलेल्यांमध्ये 10.9, एकही नसलेल्यांमध्ये 5.4. सूज आलेल्या बहुतेकांना लक्षणं जाणवली नाहीत, हेही सांगायला हवं.

स्त्रियांमध्ये परिणाम कमी दिसल्याचा आकडा उपगटांच्या आलेखात आहे. तो छापू नये. उपगटांतले असे फरक ताडण्यासाठी ही चाचणी आखलेली नव्हती, आणि आपल्या अर्ध्या वाचक काकू-मावश्या उगाच धास्तावतील.

छापायचा मजकूर:

"सुरुवातीच्या टप्प्यातला अल्झायमर असलेल्या आणि मेंदूत अमायलॉइड असल्याची तपासणीने खात्री झालेल्या 50 ते 90 वयाच्या 1,795 जणांवर लेकॅनेमॅबची चाचणी झाली. निम्म्यांना दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध, निम्म्यांना प्लासिबो. 18 महिन्यांनी 18 गुणांच्या मापावर प्लासिबो गट सरासरी 1.66 ने खालावला, औषधाचा गट 1.21 ने. कोणताच गट सुधारला नाही. औषधाच्या गटात 12.6 टक्के जणांच्या मेंदूला एमआरआयवर सूज दिसली (प्लासिबो 1.7) आणि 17.3 टक्के जणांच्या मेंदूत सूक्ष्म रक्तस्राव किंवा रक्ताच्या खुणा (प्लासिबो 9.0). औषध चढवताना 26.4 टक्क्यांना प्रतिक्रिया आली (प्लासिबो 7.4). 18 महिन्यांपलीकडे काय होतं आणि आजार पुढे सरकलेल्या रुग्णांना फायदा होतो का, हे या चाचणीतून कळत नाही. चाचणीचा खर्च एसाई आणि बायोजेन या कंपन्यांनी केला."

मथळा: "अल्झायमरच्या सुरुवातीला लेकॅनेमॅबने घसरण थोडी मंदावली, मेंदूत सुजेचा धोका." "औषध सापडलं" हे मथळ्यात नको, प्रश्नचिन्ह लावूनसुद्धा नको.