डायीन–डायीनोफाइल सायक्लोॲडिशन: एन्डो पसंती आणि ऑर्बिटल सममिती

एम.एस्सी. भाग २, प्रगत सेंद्रिय रसायनशास्त्र, असाइनमेंट ३ (पेरिसायक्लिक अभिक्रिया)

दिलेला प्रश्न: सायक्लोपेंटाडायीन आणि मॅलेइक ॲनहायड्राइड यांची अभिक्रिया उदाहरण म्हणून घेऊन (अ) ती उष्णतेने का घडते हे ऑर्बिटल सममितीने सिद्ध करा, (आ) एन्डो उत्पादन का मिळते ते सांगा आणि त्या स्पष्टीकरणाच्या मर्यादा दाखवा, (इ) (E,E)-२,४-हेक्साडायीनच्या उत्पादनाची त्रिमितीय रचना वर्तवा.

पार्श्वभूमी

ओटो डील्स आणि कुर्ट आल्डर यांनी कील विद्यापीठातून १९२८ मध्ये ही अभिक्रिया मांडली. १९५० चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच मिळाले. चार पाय-इलेक्ट्रॉनांचा डायीन आणि दोन पाय-इलेक्ट्रॉनांचा डायीनोफाइल एकत्र येतात, तीन पाय-बंधांऐवजी दोन नवे सिग्मा-बंध आणि एक पाय-बंध उरतो, आणि सहा कार्बनांचे वलय तयार होते. सिग्मा-बंध पाय-बंधापेक्षा मजबूत असल्याने ब्युटाडायीन आणि इथिलीनच्या बाबतीत सुमारे ४० किलोकॅलरी प्रतिमोल ऊर्जा बाहेर पडते. इतका उतार असूनही ही साधी जोडी साध्या तापमानाला हलत नाही. सक्रियण ऊर्जा सुमारे २७ किलोकॅलरी आहे. म्हणजे ऊर्जेचा हिशेब अभिक्रिया शक्य आहे एवढेच सांगतो. ती कोणत्या वाटेने आणि किती वेगाने होईल, हे ऑर्बिटल ठरवतात.

आणखी एक अट आकाराची. डायीनची दोन्ही टोके एकाच वेळी डायीनोफाइलपर्यंत पोचली पाहिजेत, म्हणून तो s-cis रूपात हवा. ब्युटाडायीनचे बहुतांश रेणू s-trans असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी वळण्याची किंमत मोजावी लागते. सायक्लोपेंटाडायीनला ती मोजावीच लागत नाही, वलयाने त्याला कायमचे s-cis करून ठेवले आहे. म्हणूनच तो बाटलीत ठेवला तरी स्वतःशीच जोडला जाऊन डायसायक्लोपेंटाडायीन होतो आणि वापरण्याआधी डायमर १७० °C च्या आसपास तापवून ताजा मोनोमर गाळून घ्यावा लागतो. (हा डायमरसुद्धा एन्डोच असतो.)

(अ) सममिती

डायीनच्या मधल्या बंधाला आणि डायीनोफाइलच्या द्विबंधाला बरोबर मधून छेदणारे परावर्तन प्रतल संपूर्ण अभिक्रियाभर टिकते, असे धरले आहे. या प्रतलाच्या संदर्भात प्रत्येक ऑर्बिटल सममित (S) किंवा प्रतिसममित (A) असते.

ब्युटाडायीनची चार ऑर्बिटले: ψ₁ (S), ψ₂ (A), ψ₃ (S), ψ₄ (A). इथिलीनची दोन: π (S), π* (A). भरलेली ऑर्बिटले ψ₁, ψ₂ आणि π, म्हणजे S, A, S. उत्पादनात, म्हणजे सायक्लोहेक्सीनमध्ये, भरलेली ऑर्बिटले दोन नव्या सिग्मा-बंधांची बेरीज (S) आणि वजाबाकी (A), शिवाय उरलेला पाय-बंध (S). दोन्हीकडे दोन S आणि एक A. भरलेल्या कोणत्याही ऑर्बिटलला रिकाम्या, वरच्या ऑर्बिटलमध्ये जावे लागत नाही, म्हणून उष्णतेने होणारी [४+२] अभिक्रिया सममितीने अनुमत आहे.

हीच गोष्ट फुकुईंच्या सीमावर्ती ऑर्बिटलांच्या भाषेत लवकर दिसते. डायीनचे होमो ψ₂ आहे, टोकांना चिन्हे विरुद्ध (+ + − −). डायीनोफाइलचे लुमो π* आहे, त्याच्याही दोन टोकांची चिन्हे विरुद्ध. दोन्ही A, दोन्ही टोकांना एकाच वेळी बंधनकारक जुळणी. तुलनेसाठी दोन इथिलीन घ्या: एकाचे होमो S, दुसऱ्याचे लुमो A, एक टोक जुळले तर दुसरे विरोधात जाते. म्हणून उष्णतेने होणारी [२+२] अभिक्रिया सुप्राफेशियल–सुप्राफेशियल मार्गाने अनुमत नाही. प्रकाशात मात्र हे उलटते. डायीनचा एक इलेक्ट्रॉन ψ₃ (S) मध्ये गेला की त्याचे π* (A) शी जमत नाही, आणि [४+२] अभिक्रियाच बंद होते.

वुडवर्ड आणि हॉफमन यांच्या सामान्य नियमात हे एका ओळीत बसते. घटक [π4s + π2s]. (4q+2)s प्रकारचा घटक एक, (4r)a प्रकारचा एकही नाही. बेरीज एक, म्हणजे विषम, म्हणून उष्णतेने अनुमत. ओळ छोटी आहे, पण वरचा ऑर्बिटलांचा हिशेब आधी समजला नसेल तर ती पाठांतरच ठरते.

वेग का वाढतो तेही येथेच सांगता येते. ब्युटाडायीनचे होमो सुमारे −९.१ eV वर आणि इथिलीनचे लुमो सुमारे +१.५ eV वर: अंतर १०.६. इथिलीनऐवजी ॲक्रोलीन घेतले की लुमो जवळपास शून्यावर येते आणि अंतर ९.१ वर उतरते. मॅलेइक ॲनहायड्राइडला दोन कार्बोनिल गट आहेत, म्हणून तो अधिकच उत्सुक. सायक्लोपेंटाडायीनसोबत तो बर्फाच्या पाण्यातल्या फ्लास्कमध्येसुद्धा पटकन अभिक्रिया करतो.

प्रयोगशाळेतील नोंद

६.० ग्रॅम मॅलेइक ॲनहायड्राइड २० मिलि गरम इथिल ॲसिटेटमध्ये विरघळवून त्यात २० मिलि पेट्रोलियम इथर घातले, बर्फात थंड केले, मग ६ मिलि ताजे सायक्लोपेंटाडायीन घातले. फ्लास्क गरम झाला आणि पांढरा घन पडला. तो पुन्हा तापवून विरघळवला आणि हळूहळू थंड होऊ दिला, तेव्हा लांब सुया मिळाल्या. मॅलेइक ॲनहायड्राइड मर्यादित अभिकारक (६.० ÷ ९८.०६ = ०.०६१ मोल), सैद्धांतिक उत्पादन १०.० ग्रॅम, मिळाले ७.९ ग्रॅम. वितळणबिंदू १६३–१६४ °C; एन्डोसाठी ग्रंथात १६४–१६५ दिलेला आहे, तर एक्सो सुमारे २० अंश खाली वितळतो.

वितळणबिंदूवर मला एकट्यावर विसंबायचे नव्हते, कारण त्याने मिश्रण कळते, रचना कळत नाही. प्रोटॉन एनएमआरमध्ये ६.३ ppm च्या आसपास द्विबंधाचे प्रोटॉन दिसतात, पण निर्णायक पुरावा आहे तो ॲनहायड्राइडला चिकटलेल्या कार्बनवरच्या हायड्रोजनांचा. एन्डो उत्पादनात ॲनहायड्राइड खाली असते, म्हणून हे हायड्रोजन एक्सो बाजूला येतात आणि पुलाच्या टोकाच्या हायड्रोजनशी त्यांचा द्वितलीय कोन सुमारे ४५° राहतो. काही हर्ट्झचे कपलिंग दिसते. एक्सो उत्पादनात हाच कोन ८०° च्या आसपास जातो आणि कपलिंग जवळजवळ नाहीसे होते. आमच्या वर्णपटात तो संकेत फाटलेला होता.

(आ) एन्डो का?

पारंपरिक उत्तर दुय्यम ऑर्बिटल परस्परक्रिया. मॅलेइक ॲनहायड्राइडच्या O=C–C=C–C=O साखळीचे लुमो पाहिले तर प्रत्येक कार्बोनिल कार्बनचे चिन्ह शेजारच्या द्विबंध-कार्बनसारखेच आहे. डायीनच्या होमोतही C1 आणि C2 ची चिन्हे सारखी, C3 आणि C4 ची सारखी. एन्डो मांडणीत कार्बोनिल कार्बन डायीनच्या C2 आणि C3 च्या खाली येतात. मुख्य जुळणी C1 आणि C4 ला बंधनकारक झाली, की चिन्हांमुळे C2 आणि C3 ची जुळणीही आपोआप बंधनकारक होते. नवा बंध तयार होत नाही, पण संक्रमण अवस्थेची ऊर्जा खाली येते. एक्सो मांडणीत कार्बोनिल गट बाहेरच्या बाजूला असतात आणि हा फायदा मिळत नाही.

चित्र सुंदर आहे आणि चिन्हेही बरोबर जुळतात, तरी एवढ्यावर एन्डो नियम सिद्ध झाला असे म्हणणे मला पटत नाही. पहिली हरकत: सायक्लोप्रोपीनमध्ये एकही कार्बोनिल नाही, तरीही सायक्लोपेंटाडायीनशी तो एन्डो उत्पादन देतो. दुसरी: मिथाइल मेथाक्रिलेटमध्ये एस्टर गट असूनही एक्सो जास्त मिळतो, कारण जास्तीचा मिथाइल गटही जागा मागतो. तिसरी: द्रावकाचा प्रभाव. ब्रेस्लो यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले की सायक्लोपेंटाडायीन आणि मिथाइल व्हिनाइल कीटोन यांचे एन्डो:एक्सो प्रमाण सायक्लोपेंटाडायीनमध्येच सुमारे ४ असते, तर पाण्यात २० च्या वर जाते. ऑर्बिटलांची चिन्हे पाण्याने बदलत नाहीत. ध्रुवीय परस्परक्रिया, जलविरोधी परिणाम आणि अवकाशीय अडथळा यांचाही वाटा मानलाच पाहिजे. लुईस आम्ल घातल्यावर एन्डो प्रमाण वाढते, ते मात्र ऑर्बिटलच्या चित्रात छान बसते: कार्बोनिल आम्लाला जोडला की लुमो खाली येते आणि कार्बोनिल कार्बनवर त्याचा वाटा वाढतो.

म्हणून मी दोन्ही विधानांना सारखे वजन देत नाही. सममितीचा नियम कोणता मार्ग खुला आहे हे सांगतो आणि त्यात तडजोड नसते. एन्डो पसंती ही दोन खुल्या मार्गांमधली काही किलोकॅलरींची चढाओढ आहे, आणि ती फक्त वेगाची आहे.

वेगाची आहे म्हणजे काय, ते फ्युरॅन दाखवतो. फ्युरॅन आणि मॅलेइक ॲनहायड्राइड यांच्याकडून साध्या तापमानाला बाहेर पडणारे स्फटिक एक्सो असतात. फ्युरॅन ॲरोमॅटिक असल्याने उलट अभिक्रिया सोपी जाते. लवकर तयार झालेला एन्डो पुन्हा सुटतो, पुन्हा जुळतो, आणि शेवटी जास्त स्थिर असलेला एक्सो साठत जातो. सायक्लोपेंटाडायीनच्या एन्डो उत्पादनावर हेच घडवायचे तर ते १९० °C च्या आसपास तापवावे लागते. तेव्हा एन्डो–एक्सो मिश्रण मिळते आणि त्यातून वारंवार स्फटिकीकरण करून एक्सो वेगळा करता येतो. एन्डो हे 'जास्त स्थिर उत्पादन' आहे असे एखाद्या उत्तरपत्रिकेत लिहिले तर ते चूकच आहे.

(इ) हेक्साडायीन

(E,E)-२,४-हेक्साडायीनमध्ये दोन्ही मिथाइल गट s-cis मांडणीत बाहेरच्या बाजूला असतात. अभिक्रिया सुप्राफेशियल असल्याने ते उत्पादनात एकमेकांना सिस येतात. मॅलेइक ॲनहायड्राइडचे दोन हायड्रोजनही सिसच राहतात, कारण डायीनोफाइलची भूमितीही टिकते. एन्डो संक्रमण अवस्थेत कार्बोनिल डायीनच्या खाली असतात, आणि बाहेरचे गट नवे बंध तयार होताना त्याच बाजूला वळतात. उत्पादन: सर्व-सिस ३,६-डायमिथाइल-४-सायक्लोहेक्सीन-१,२-डायकार्बॉक्झिलिक ॲनहायड्राइड. चारही गट वलयाच्या एकाच बाजूला, रेणूत परावर्तन प्रतल, म्हणून मेसो, प्रकाशीय दृष्ट्या निष्क्रिय.

(E,Z) डायीन वापरला तर मिथाइल गट ट्रान्स येतील, आणि अभिक्रियाही मंदावेल, कारण आत वळलेला मिथाइल s-cis रूपात अडतो. मॅलेइक ॲनहायड्राइडऐवजी डायमिथाइल फ्युमरेट घेतले तर एन्डो की एक्सो हा प्रश्नच उरत नाही. दोन एस्टरांपैकी एक नेहमी खाली आणि दुसरा बाहेर असणार. मिळते ते एकच डायस्टेरिओमर, मिथाइल सिस, एस्टर ट्रान्स, आणि दोन्ही फलकांवर सारखीच शक्यता असल्याने रेसेमिक.