विषय: शुक्रवार, २१ ऑगस्टची दिवाळी अंकाची बैठक २ सप्टेंबरला घेता येईल का?

आदरणीय सुधाताई,

सप्रेम नमस्कार.

तब्येत बरी नसल्यामुळे शुक्रवारी, २१ तारखेला, दादरच्या बैठकीला मला येता येणार नाही. रविवार, ३० ऑगस्टपर्यंत प्रवास आणि काम दोन्ही बंद ठेवायचं आहे. काळजीचं कारण नाही, पण विश्रांती नीट घ्यायला हवी. तब्येतीबद्दल याहून अधिक लिहीत नाही, ते सध्या घरापुरतंच ठेवावंसं वाटतं. तुम्ही समजून घ्याल याची खात्री आहे.

बैठक बुधवार, २ सप्टेंबरला सकाळी ११ ते साडेबारा अशी व्हिडिओ कॉलवर घेता येईल का? सोमवारी ३१ तारखेला मी कामाला लागेन, पण पहिल्याच दिवशी दीड तास सलग चर्चा नको वाटते. सोमवार-मंगळवारी घरीच थोडं थोडं वाचून तयारी करेन. दादरला यायचं म्हणजे सव्वासातची डेक्कन क्वीन आणि संध्याकाळी परतीची गाडी, एवढी दगदग त्या आठवड्यात झेपणार नाही. तुम्हाला बुधवार अडचणीचा असेल तर गुरुवारी ३ तारखेला त्याच वेळेला चालेल. शुक्रवारी जन्माष्टमी आणि शनिवारी दहीहंडी, म्हणून ते दोन दिवस मी सुचवलेले नाहीत.

बारा दिवस मागे जाणं अंकाच्या कामात लहान गोष्ट नाही, हे मला ठाऊक आहे. एरवी मी हे विचारलंही नसतं. पण यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी उशिरा आहे. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा ते ८ नोव्हेंबरला आहे. हे जादा अडीच आठवडे मुद्रितशोधनाला द्यायचे असं आपण जूनमध्ये ठरवलं होतं. त्यातलेच बारा दिवस मी मागते आहे. २ तारखेला कथा नक्की झाल्या तर १४ सप्टेंबरला गणपती बसायच्या आत पहिले चार फॉर्म जुळणीला जातील. विसर्जनापर्यंत छापखान्यात माणसं कमी असतात, त्या दिवसांत आपल्याला प्रुफं वाचता येतील. अंक दसऱ्याच्या आधी, म्हणजे २० ऑक्टोबरपूर्वी, विक्रेत्यांकडे पोचवायचा हे आपलं वेळापत्रक यात कुठे बदलत नाही.

माझ्यासाठी थांबायची गरज नाही अशाही काही गोष्टी आहेत. कवितांची सोळा पानं झाली आहेत, ती जुळणीला द्यायला माझी हरकत नाही. मुखपृष्ठाची दोन्ही रेखाटनं मी पाहिली. मला कंदिलाच्या उजेडात वही घेऊन बसलेल्या बाईचं चित्र फार आवडलं, दुसऱ्यात रंग सुंदर आहेत पण ते कुठल्याही अंकावर शोभेल. शेवटी तुम्हाला जे पटेल ते घ्या. चित्रकारांना शुक्रवारी येऊ नका असं आजच कळवलंत तर बरं होईल, ते बदलापूरहून येतात.

कथांचं मात्र एकत्र बसूनच ठरवू या, एवढी विनंती आहे. आलेल्या चौदा कथांवरची माझी टिपणं सोमवारीच सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आहेत. पाच कथांबद्दल आपलं दोघींचं एकमत आहे, ओढाताण उरलेल्या चार जागांसाठी आहे. त्यातली वीटभट्टीवरची कथा लांब आहे म्हणून बाजूला पडू नये असं मला मनापासून वाटतं. लेखिकेची ही पहिलीच कथा. तीन पानं कापली तर ती अंकाच्या १७६ पानांत बसेल, पण कुठून कापायचं ते तिच्याशी बोलून ठरवावं लागेल आणि ते घाईत होऊ नये. तोवर तिला नकार कळवू नका.

३० तारखेपर्यंत मी फोन घेणार नाही. अगदी अडलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप ठेवा, संध्याकाळी एकदा पाहीन. जाहिरातींच्या मजकुराचं सगळं नचिकेतला माहीत आहे, त्याला थेट विचारलंत तरी चालेल. त्याच्याशी मी बोलले आहे.

२ तारीख सोयीची आहे का, एवढं एका ओळीत कळवाल? म्हणजे मी निश्चिंतपणे विश्रांती घेईन. ऐन वेळी कार्यक्रम बदलायला लावते आहे, त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

आपली,
मेघना
पुणे, बुधवार, १९ ऑगस्ट २०२६