सूर्य ती

नातीने काढलेल्या चित्रातल्या पिवळ्या गोळ्याकडे मोबाइलच्या पडद्यावर बोट दाखवून जोशी म्हणाले, “देअर झोनं.” साडेतीन वर्षांच्या मीराने हातातला खडू खाली ठेवला आणि “दी झोनं, ओपा!” असे म्हणून त्यांना दुरुस्त केले. जर्मन भाषेत सूर्य स्त्रीलिंगी असतो, हे त्यांना छपन्नाव्या वर्षी असे कळले.

मुलगा तिकडेच स्थायिक झालेला, सून जर्मन, आणि मीराच्या तोंडी मराठीचे जेमतेम पाच-सहा शब्द. व्हिडिओ कॉलवर नुसते हसून हात हलवण्याचा त्यांना कंटाळा आला, तेव्हा त्यांनी वर्गात नाव घातले. तिथल्या बाईंनी ए-वन या पहिल्या पातळीच्या परीक्षेचा अर्ज पुढे केला, आणि नाही म्हणण्याइतकेही जर्मन त्यांना त्या वेळी येत नव्हते.

तीन लिंगांचे ओझे मराठी माणसाला वाटू नये, अशी त्यांची समजूत होती. पण मुलगीसुद्धा नपुंसकलिंगी निघाल्यावर त्यांनी आपले मराठी तर्क गुंडाळून ठेवले आणि प्रत्येक नामाआधीचे देअर, दी, दास वहीत तीन रंगांनी लिहायला घेतले.

परीक्षेला शंभरपैकी साठ गुण हवे होते. ऐकण्याच्या मधल्या भागातल्या सूचना एकदाच ऐकवतात. पहिल्या सूचनेत गाडी कोणत्या फलाटावर येणार याचा विचार ते करत राहिले आणि तेवढ्यात दुसरी सूचना संपूनही गेली. पेन्सिल धरलेला हात घामाने ओला झाला होता.

तोंडी परीक्षेत मात्र गंमत झाली. शेजारचा विशीतला मुलगा ‘फ्युन्फउंडझेक्सिश’पाशी अडखळला, कारण इंग्रजीच्या सवयीने तो आधी साठ आणि मग पाच शोधत होता. जोशींच्या कानाला त्यात काहीच उलटे वाटले नाही. पासष्टमध्येही पाच आधीच येतात. मग त्यांना आडनावाची अक्षरे विचारण्यात आली. “योट, ओ, एस, हा, ई,” त्यांनी सांगितले, आणि परीक्षक बाई ते जोडून “योशी” म्हणाल्या. मीराच्या बालवाडीत तिलाही याच नावाने हाक मारत असतील, असे मनात आल्याने पुढचा प्रश्न त्यांना दुसऱ्यांदा विचारावा लागला.

रात्री त्यांनी जुळवून ठेवलेले वाक्य म्हटले: ओपाने आज परीक्षा दिली.

“वारुम?” मीराने विचारले.

कारण सांगायला लागणारे ‘वाइल’ त्यांच्या पुस्तकात अजून आलेच नव्हते. “फ्युअर दिश,” ते म्हणाले. तुझ्यासाठी.

मीराला ते पुरेसे वाटले असावे. तिने नवे चित्र पडद्याला जवळजवळ चिकटवले. त्यातही एक पिवळा गोळा होता.

“दी झोनं!” जोशी ठामपणे म्हणाले.

“नाइन, ओपा,” ती म्हणाली. “देअर मोन्ट.” तो चंद्र होता.