कॉम्प्रेसर क्र. २ : रात्रपाळीचा हँडओव्हर
मकरपुरा प्लांट, युटिलिटी. ३७ किलोवॅट मोटर, स्टार-डेल्टा.

रात्री १:२०, ३:०५ आणि ४:५० ला ओव्हरलोडवर ट्रिप. रिले थंड झाला की रीसेट होतो, मशीन तासभर नीट चालतं, मग परत तेच.

लोडवर, ७ बारला, सुरुवातीला आर ६१, वाय ६०, बी ६२ अँपिअर. ४:५० च्या ट्रिपच्या जरा आधी आर ७१, वाय ५७, बी ७०. इनकमिंग ४१४/४१२/४१५ व्होल्ट, म्हणजे सप्लाय ठीक. मेगर ८० मेगओहम, बेअरिंग ६१ अंश, ऑइल ८८. मोटर हाताने मोकळी फिरते.

संशय स्विच-फ्यूजमधल्या वाय फेजच्या फ्यूज बेसवर. तिथे ३.५ व्होल्ट ड्रॉप, बाकी दोन्हीकडे ०.२ च्या आत. गनने १०४ अंश. क्लिप निळसर पडलीय, लगतच्या वायरचं इन्सुलेशन कडक झालंय. तापलं की कॉन्टॅक्ट सैल होत असणार.

क्र. २ बंद, लॉक-टॅग लावलाय. क्र. १ वर लाइन चालू. स्टोअरवाले भाई ९ ला येतील, बेस बदलून तिन्ही फेजचा ड्रॉप परत घ्या. रिले ३८ वरच ठेवा. मागच्या पाळीत कुणीतरी ४२ करा म्हणत होतं, अजिबात नको.