आप्पांचा परिचय आणि आभार
(वाचनालयाची व्याख्यानमाला, संध्याकाळ तिसरी. दोन्ही मजकूर एकाच कागदावर लिहिलेत. परिचय मी करीन, आभार माझी भाची मानेल. माझेच शब्द तिच्या तोंडी पुन्हा यायला नकोत, म्हणून पाणी, पाट आणि कंदील मी माझ्या वाट्यालाच ठेवलेत.)

परिचय

नमस्कार मंडळी. मागे पायरीजवळ बसलेत, त्यांना ऐकू येतंय ना? मुद्दाम विचारतो. पाट लांबचा असला की शेवटच्या वावराचा धनी बांधावर उभा राहून एवढंच विचारतो, “माझ्यापर्यंत येईल ना?” त्याला उत्तर देण्यात ज्यांचा जन्म गेला, ते आप्पा आज आपल्यासमोर बसलेत.

आप्पा आपल्या पांझरेकाठचे पाटकरी. त्यांचे वडीलही पाटकरीच. नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. यंदा इथे ऊस असेल, तर पुढे त्याची जागा बदलते. वावर ज्याचं त्याचं, पण बारं द्यायला धन्यानं फावडं घेऊन जायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. पिकाची राखण जागल्या करतो, सगळ्यांवर देखरेख हवालदाराची. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या नद्यांवर ही रीत शेकडो वर्षं चालली. कुठल्या खात्यानं आखून दिलेली नव्हे, गावांनी आपसांत बसवलेली. तिच्यातल्या खाचाखोचा आप्पा सांगतील. त्यांच्या ताटातला घास मी कशाला उचलू?

मी माणसाबद्दल बोलतो. लहानपणी रात्री जाग आली की खिडकीतून लांब शेतात एक कंदील हलताना दिसायचा. आजी म्हणायची, “पानी उनं,” आणि कूस बदलून झोपायची. गाव घोरत असायचं आणि आप्पा गुडघाभर चिखलात दंड फोडत, बांधत असायचे. सकाळी बघावं तर वाफे भरलेले, माणूस घरी गेलेला. बंधाऱ्यावर कुणाच्या तरी नावाची पाटी असते. वाफ्यावर कुणी पाटी लावत नाही.

एक गोष्ट मात्र मी सांगणार नाही. १९७२च्या दुष्काळात पाट कोरडा पडला होता. तेव्हा आप्पा विशीतले, वडिलांच्या हाताखाली. त्या वर्षी रात्री ते काय करत, ते त्यांनी मला एकदा ओट्यावर बसून सांगितलं होतं. आज मन झालं तर तुम्हालाही सांगतील. नाहीच सांगितलं, तर चहाच्या वेळी विचारा.

आप्पा, माइक जरा जवळ घ्या. तुम्हाला हळू बोलायची सवय आहे, रात्रपाळीची.

आभार

आप्पा, मामांनी एक गाठ बांधून ठेवली होती आणि ती तुम्हीच सोडवलीत, हे फार बरं झालं. थेंब नसलेल्या चारीतूनही तुम्ही दोघं बापलेक रोज अंधार पडल्यावर फेरी मारत होतात. पडलेला पाला काढत होतात, ढासळलेली कड लिंपत होतात. “वरून सुटलं असतं, तर अडायला नको,” एवढंच तुम्ही म्हणालात आणि पुढच्या विषयाकडे वळलात. मी मात्र तिथेच राहिले. पुढची पाच मिनिटं काय बोललात, ते मला मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यावं लागेल.

आमच्या घरच्या पुरणपोळीतला गूळ आणि गहू कुणाच्या जागरणावर पिकले, हे मला आज कळलं. माझ्या आजोबांनी तुम्हाला त्याबद्दल कधी दोन शब्द म्हटले होते की नाही, ठाऊक नाही. बहुधा नसतील. तेव्हा खळ्यावर धान्य मोजून दिलं की हिशेब मिटला, असं सगळेच समजत. आज त्यांच्या वतीनं मी हात जोडते. उशीर झाला, पोटात घाला.

तुम्ही दाखवलेली खोऱ्याची ती मूठ आम्ही हातात घेऊन बघितली. जिथे अंगठा टेकतो, तिथे लाकडाला खळगा पडला आहे. आता कोनशिलेवरची अक्षरं वाचताना तो खळगा आठवेल.

ध्वनिक्षेपकवाल्या दादांनी एकही पैसा घेतला नाही. सतरंज्या मारुतीच्या देवळातून आल्या, त्या आजच झटकून परत द्यायच्या आहेत. दहावीच्या मुलांनी थांबावं. वाचनालयाच्या काकूंनी दुपारपासून अंगण सारवलं, त्यांचेही आभार. मामांचे मानत नाही, घरी जेवायला बसायचं आहे.

बाहेर उसाचा रस तयार आहे. दरवेळी पुढच्या खुर्च्यांपासून पेले निघतात आणि उंबऱ्याशी पोचेपर्यंत घागर रिकामी होते. आज पहिला पेला आप्पांना, आणि त्यानंतर थेट उंबऱ्याशी बसलेल्या मंडळींना. खुर्चीवाल्यांनी जरा दम धरावा.